राहुकाळ घड्याळावरून नाही, सूर्योदयावरून : कोकणासाठी हिशेबाची पद्धत आणि नेहमीच्या चुका

सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा. हा तक्ता पाठ असलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. कुणी तो देवघराच्या दारामागे चिकटवलेला असतो, तर कुणी दुकानाच्या गल्ल्यावर. तक्ता खोटा नाही, पण तो अशा एका दिवसाचा आहे ज्या दिवशी सूर्य बरोबर सहाला उगवतो आणि बरोबर सहाला मावळतो. रत्नागिरीत असा दिवस वर्षातून एकदाही येत नाही.

आमच्या आळीतल्या देवळात एक फळा आहे. त्यावर तिथी, नक्षत्र आणि राहुकाळ लिहायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आलंय. फळ्यावर तक्त्यापेक्षा वेगळी वेळ दिसली की कुणीतरी हटकतंच. मागच्या जानेवारीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "अरे, सोमवारचा राहुकाळ साडेसातला लागतो ना? तू साडेआठच्या पुढे कसा काय लिहिलास?" हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. राहुकाळ पाळायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण पाळायचाच असेल तर निदान खरा पाळावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

## पायरी १ : जागा, तारीख आणि सूर्याच्या दोन वेळा

कागद-पेन घ्या आणि आधी जागा लिहा. ज्या गावी काम करायचं आहे ते गाव लिहायचं, तुमचं मूळ गाव नाही आणि पंचांग छापलं ते शहरही नाही. मुंबईहून गाडीत बसायचं असेल तर मुंबईचा हिशेब, आणि गावच्या घराची चौकट बसवायची असेल तर गावचा. आपले चाकरमानी नेमकं उलट करतात. मुंबईच्या वेळा पाहून गावी फोन करतात आणि इथले लोक त्यावर भटजींना थांबवून धरतात.

मग तारीख आणि वार. त्यानंतर त्या तारखेचा त्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त. फोनवरच्या हवामानाच्या पानावर या दोन्ही वेळा मिळतात. घेण्याआधी त्या पानावर गावाचं नाव कोणतं दिसतंय ते बघा. फोनला तुमचं ठिकाण वापरायची परवानगी दिलेली नसेल तर तो भलत्याच शहराच्या वेळा दाखवत राहतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

या लेखासाठी मी रत्नागिरी शहर आणि सोमवार, १२ जानेवारी २०२६ ही तारीख घेतो. त्या दिवशी तिथे सूर्योदय सकाळी ७:०९ ला आणि सूर्यास्त संध्याकाळी ६:२१ ला.

सावधान : सूर्योदय डोळ्यांनी ठरवू नका. कोकणात ही चूक फार होते, कारण आपल्या पूर्वेला सह्याद्री उभा आहे. माझं आजोळ देवरुखाकडचं. तिथे अंगणात ऊन यायला पंचांगातल्या सूर्योदयानंतर बराच वेळ जातो, कारण सूर्याला आधी डोंगराच्या माथ्यावर चढावं लागतं. पंचांगातला सूर्योदय मात्र सपाट क्षितिजाचा असतो, मध्ये डोंगर नाहीच असं धरलेला. "आज साडेसातला ऊन पडलं, म्हणजे साडेसातला उगवला" असं धरून हिशेब केला तर दिवस आखूड होतो आणि सगळे भाग चुकतात.

सूर्यास्ताचं याच्या उलट आहे. समोर समुद्र म्हणजे सपाट क्षितिज आयतंच मिळतं. हवा स्वच्छ असेल त्या संध्याकाळी भाट्याच्या वाळूत उभं राहून सूर्याची वरची कड पाण्याखाली कधी जाते ते घड्याळात बघा, छापील वेळेशी मिनिटाभराच्या आत जुळतं. मात्र हे बघायला कड्यावर जाऊ नका. समुद्रापासून पन्नास मीटर उंच उभे असाल तर क्षितिज थोडं खाली गेलेलं असतं आणि सूर्य साधारण मिनिटभर जास्त दिसत राहतो. पावसाळ्यात हा खटाटोप करूच नये. आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन नसतं, छापील वेळेवरच भिस्त ठेवायची.

## पायरी २ : दिनमान मिनिटांत काढा

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ म्हणजे दिनमान. संध्याकाळची वेळ आधी चोवीस तासांच्या घड्याळात आणा. ६:२१ म्हणजे १८:२१. त्यातून ७:०९ वजा केले की उरतात ११ तास १२ मिनिटं. त्यांची मिनिटं करा : अकरा साठे सहाशे साठ, अधिक बारा, एकूण ६७२ मिनिटं.

मिनिटं करण्याची ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. मीही फसलोय. फळ्याचं काम नवीन होतं तेव्हा मी वेळा सरळ कॅल्क्युलेटरवर मारल्या होत्या :

```
18.21 - 7.09 = 11.12
11.12 / 8 = 1.39
```

१.३९ म्हणजे एक तास एकोणचाळीस मिनिटं असं धरून मी मोकळा झालो. पण कॅल्क्युलेटरला तास-मिनिटं कळत नाहीत. त्याच्या लेखी तासात शंभर मिनिटं असतात. खरा भाग १ तास २४ मिनिटांचा होता. प्रत्येक भागात पंधरा मिनिटं जास्त धरली गेली. सोमवारी ते खपून गेलं, कारण सोमवारचा राहुकाळ सकाळीच असतो आणि चूक साठायला वाव मिळत नाही. रविवारी मात्र सात भागांच्या चुका एकावर एक चढल्या आणि फळ्यावर राहुकाळ ६:४२ ला लागतो असं लिहिलं गेलं, म्हणजे सूर्य मावळून गेल्यावर. पुजाऱ्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ओला फडका फिरवला.

## पायरी ३ : आठ भाग पाडा आणि सीमा लिहून ठेवा

६७२ भागिले ८ म्हणजे ८४. त्या दिवशीचा प्रत्येक भाग ८४ मिनिटांचा, म्हणजे १ तास २४ मिनिटांचा. तक्त्यातला दीड तास विसरा. दिवस बरोबर बारा तासांचा असेल तेव्हाच भाग दीड तासाचा होतो.

आता सूर्योदयापासून ८४-८४ मिनिटं पुढे जात सगळ्या सीमा एका ओळीत लिहा :

७:०९, ८:३३, ९:५७, ११:२१, १२:४५, २:०९, ३:३३, ४:५७, ६:२१.

नऊ वेळा, त्यांच्यामधले आठ भाग. आज सोमवार आहे म्हणून फक्त दुसराच भाग काढला असं करू नका. पूर्ण ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि चूक झाली असेल तर ती याच ओळीत दिसते.

तपासा : शेवटची वेळ सूर्यास्ताशी जुळलीच पाहिजे. भागाकार पूर्ण नसेल तर एखाद्या मिनिटाचा फरक पडेल, तो चालेल. पाच मिनिटांचा पडला तर बेरीज चुकली आहे. भागाची मिनिटं अपूर्णांकात आली तर शेवटपर्यंत तशीच ठेवा आणि पूर्णांक फक्त फळ्यावर लिहिताना करा. प्रत्येक पावलाला अर्धं मिनिट सोडलं तर आठव्या भागापर्यंत चार मिनिटं गायब होतात.

## पायरी ४ : वाराचा भाग निवडा

आत्तापर्यंत राहूचा संबंधच आला नाही, फक्त सूर्याचा हिशेब झाला. आता वार बघायचा. राहुकाळाचा भाग असा :

| वार | भाग | १२ जानेवारीच्या ओळीवरून (रत्नागिरी) |
|---|---|---|
| सोमवार | २ रा | ८:३३ ते ९:५७ |
| शनिवार | ३ रा | ९:५७ ते ११:२१ |
| शुक्रवार | ४ था | ११:२१ ते १२:४५ |
| बुधवार | ५ वा | १२:४५ ते २:०९ |
| गुरुवार | ६ वा | २:०९ ते ३:३३ |
| मंगळवार | ७ वा | ३:३३ ते ४:५७ |
| रविवार | ८ वा | ४:५७ ते ६:२१ |

वार मुद्दाम भागांच्या क्रमाने लावलेत. पाठ करायला हाच क्रम सोपा : सो, श, शु, बु, गु, म, र. आमच्या घरी मी मुलांना जेवणाच्या पानातून शिकवला : सोलं, शहाळी, शुद्ध बुंदी, गूळ, मणगणं, रस. कुणाला याहून चांगलं सुचत असेल तर जरूर करावं, माझ्या पानात भात नाही याची मला जाणीव आहे. पहिला भाग कुठल्याच वाराला राहूकडे जात नाही, म्हणून मोजणी दुसऱ्यापासून सुरू होते.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. त्या सोमवारी त्यांच्या मुलाची नवी स्कूटर घरी यायची होती. तक्त्याप्रमाणे नऊला राहुकाळ संपतो म्हणून सव्वानऊला निघायचं ठरलं होतं. खऱ्या हिशेबाने सव्वानऊ म्हणजे राहुकाळाचा ऐन मध्य. आणि ज्या पावणेआठला तक्ता "थांबा" म्हणत होता, तेव्हा राहुकाळ लागायला अजून पाऊण तास होता. मी त्यांना दहानंतर निघा म्हणालो.

### वार बदलला की वेळ उडी का मारते

लोकांचा एक समज असा असतो की राहुकाळ रोज दीड तासाने पुढे किंवा मागे सरकतो. तसं झालं असतं तर पाठ करायची गरजच पडली नसती. आठवडा नेहमीच्या क्रमाने बघा : रविवारी आठवा, सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा, शनिवारी तिसरा. रविवारी मावळतीला असलेला राहुकाळ सोमवारी सकाळी येतो आणि मंगळवारी पुन्हा दुपार उलटून जातो.

शेजारी गुलिक काळ, म्हणजे राहुकाळासारखाच दिवसाचा आणखी एक नेमलेला भाग, ठेवला की यातली गंमत कळते. गुलिक शनीचा. तिथे दिवसाचा पहिला भाग त्या वाराच्या स्वामीचा धरतात आणि पुढचे भाग वारांच्या क्रमाने इतरांचे. रविवारी पहिला रवीचा, दुसरा चंद्राचा, तिसरा मंगळाचा, असं करत सातवा शनीचा. सोमवारी मोजणी चंद्रापासून सुरू होते, म्हणून शनी एक घर आधी, सहाव्या भागात येतो. मंगळवारी पाचव्या भागात, आणि शनिवारी पहिल्याच. यमगंड हा तसाच तिसरा काळ, गुरूचा, तोही असाच रोज एक पाऊल मागे येतो : रविवारी पाचवा, सोमवारी चौथा, गुरुवारी पहिला.

राहूला स्वतःचा वार नाही. त्यामुळे वारांच्या या रांगेत त्याला उभं करता येत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक वाराला एक भाग नेमून दिलेला आहे आणि तीच नेमणूक परंपरेने चालत आली आहे. ती मोजून काढता येत नाही, लक्षातच ठेवावी लागते.

म्हणजे वेळ बदलण्याची कारणं दोन आहेत आणि ती वेगवेगळी ठेवायची. आज सकाळी असलेला राहुकाळ उद्या दुपारी का गेला, याचं उत्तर वार. आणि जानेवारीतल्या सोमवारचा राहुकाळ जूनमधल्या सोमवारी तासभर आधी का लागतो, याचं उत्तर सूर्योदय. पहिलं कारण तास-तासांनी हलवतं, दुसरं मिनिटा-मिनिटांनी.

सावधान : चौघडियाशी गल्लत करू नका. चौघडियातही दिवसाचे आठच भाग असतात आणि त्यातल्या एकाचं नाव 'काळ' आहे. ते नाव पाहून लोक तोच राहुकाळ समजतात. सोमवारी आणि शुक्रवारी दोन्ही एकाच भागात येतात, त्यामुळे समज पक्का होतो. बुधवारी 'काळ' तिसऱ्या भागात असतो आणि राहुकाळ पाचव्यात. रविवारी 'काळ' पाचव्यात आणि राहुकाळ आठव्यात. दोन जुळणारे वार पाहून उरलेल्या पाचांवर विश्वास टाकू नये.

## पायरी ५ : मध्यान्हावरून ताळा

फळ्यावर लिहिण्याआधी मी एक ताळा हमखास करतो. शुक्रवारचा राहुकाळ चौथ्या भागाचा, म्हणजे तो बरोबर दिवसाच्या मध्यावर संपतो. बुधवारचा पाचव्या भागाचा, तो त्याच क्षणी सुरू होतो. हा मध्य म्हणजे सूर्य डोक्यावरून पश्चिमेकडे कलतो तो क्षण. १२ जानेवारीच्या ओळीत तो १२:४५ ला आहे.

तक्त्यात ही वेळ बारा आहे. कोकणात ती बारा का होत नाही? भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. रत्नागिरी तिथून नऊ अंशांहून जास्त पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या साधारण ३७ मिनिटं मागे चालतो. त्यात सूर्याची स्वतःची वार्षिक मागे-पुढे चाल मिसळते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रत्नागिरीतला मध्यान्ह १२:२० च्या आसपास येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याकडे १२:५१ पर्यंत जातो. वर्षभर याच अर्ध्या तासात तो फिरत राहतो, कधीही बाराला येत नाही.

तपासा : तुम्ही काढलेली पाचवी वेळ (म्हणजे पाचव्या भागाची सुरुवात) रत्नागिरी परिसरात १२:२० ते १२:५१ च्या बाहेर गेली, तर सूर्योदय किंवा सूर्यास्त चुकीच्या गावचा किंवा चुकीच्या तारखेचा उचललाय असं समजा. बाकीचा हिशेब बघायचीही गरज नाही. हाच ताळा फोनवरच्या ॲपलाही लावा. शुक्रवारचा राहुकाळ ज्या ॲपवर बाराला संपतो, ते ॲप तुमच्या गावचा सूर्योदय वापरतच नाही, जुना तक्ता दाखवतंय.

## पायरी ६ : दुसऱ्या ऋतूतला सोमवार करून बघा

हात बसण्यासाठी तीच जागा आणि तोच वार ठेवून फक्त तारीख बदला. सोमवार, १४ सप्टेंबर २०२६, गणेश चतुर्थी. रत्नागिरीत सूर्योदय ६:२५, सूर्यास्त ६:४०. दिनमान १२ तास १५ मिनिटं, म्हणजे ७३५ मिनिटं. भागिले ८ म्हणजे ९१.८७५, जवळजवळ ९२.

दुसरा भाग सुरू होतो ६:२५ अधिक ९२ मिनिटांनी, म्हणजे ७:५७ ला. तो संपतो ६:२५ अधिक दोन भागांनी, म्हणजे १८३.७५ मिनिटांनी, ९:२९ ला. सकाळी चित्रशाळेतून डोक्यावर घेऊन गणपती घरी आणणाऱ्यांनी तक्त्यावर विसंबून "नऊ वाजले, चला" म्हटलं तर अजून अर्धा तास राहुकाळच असेल. उलट पावणेआठला पोचणारी मंडळी मोकळी आहेत. मध्यान्हाचा ताळा : ६:२५ अधिक ३६७.५ मिनिटं, म्हणजे १२:३२. मर्यादेत बसतो.

जूनमध्ये हाच सोमवार आणखी अलीकडे येतो. १ जून २०२६ ला रत्नागिरीत सूर्योदय ६:०२, सूर्यास्त ७:०७, भाग ९८ मिनिटांचा आणि राहुकाळ ७:४० ते ९:१८. जानेवारीपेक्षा तो जवळजवळ तासभर आधी सुरू होतो आणि चौदा मिनिटं जास्त चालतो. तक्त्याच्या साडेसाताला सगळ्यात जवळ जाणारे दिवस हेच, पण तेव्हाही दहा मिनिटं हुकतातच.

आणखी एक बारीक गोष्ट इथे सांगतो. उत्तरायण लागलं की सूर्योदय लगेच अलीकडे येऊ लागतो असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे तसं होत नाही. २२ डिसेंबरला रत्नागिरीत सूर्य ७:०२ ला उगवतो आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उगवायला आणखी उशीर करत जातो. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने. त्यामुळे डिसेंबरात काढलेली ओळ जानेवारीत अंदाजाने "थोडी अलीकडे" ओढू नका. ती उलट्या दिशेने सरकलेली असते.

## पायरी ७ : डहाणू ते वेंगुर्ला, दुसऱ्या गावाची ओळ उसनी घेताना

किनारा सरळ उत्तर-दक्षिण वाटतो म्हणून सगळीकडे वेळ एकच असेल असं धरलं जातं. १२ जानेवारीला वेंगुर्ल्यात सूर्य ७:०६ ला उगवतो, डहाणूत ७:१७ च्या सुमाराला. अकरा मिनिटांचा फरक. तेव्हा डहाणूकरांनी वेंगुर्ल्याच्या वेळांत सरसकट अकरा मिनिटं मिळवायची का? नाही. संध्याकाळी डहाणूचा सूर्य ६:१८ ला मावळतो आणि वेंगुर्ल्याचा ६:२१ ला, म्हणजे उशिरा उगवलेला आधी मावळतो. हिवाळ्यात उत्तरेकडचा दिवस दोन्ही टोकांनी आखडतो. जूनमध्ये चित्र पालटतं : डहाणूचा सूर्य चार मिनिटं आधी उगवतो आणि अकरा मिनिटं उशिरा मावळतो.

म्हणून "मुंबईच्या वेळेत इतकी मिनिटं कमी करा" असला ठोक नियम सकाळी बरोबर आला तरी संध्याकाळी चुकतो. गाव बदललं की दोन्ही वेळा नव्याने घ्या आणि पायरी २ पासून पुन्हा सुरू करा. तालुक्यातल्या तालुक्यात मात्र एवढं करायची गरज नाही, फरक एक-दोन मिनिटांपलीकडे जात नाही.

एकाच गावच्या दोन पंचांगांतही दोन-चार मिनिटांचा फरक दिसला तर घाबरू नका. कुणी सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरतं, कुणी अर्धं बिंब वर आल्यावर, तर कुणी हवेमुळे सूर्य वर उचललेला दिसतो तो भाग वजा करून. सूर्योदय जितका उशिरा धरला, सूर्यास्त तितकाच लवकर धरला जातो, म्हणून मध्यान्ह जागचा हलत नाही. याचा परिणाम सोमवार आणि रविवारच्या वेळांवर जास्त होतो, शुक्रवारच्या शेवटावर आणि बुधवारच्या सुरुवातीवर अजिबात नाही. मी स्वतः दोन्ही बाजूंना पाच मिनिटं सोडतो. ८:३३ ला लागणारा राहुकाळ ८:३२ ला टाळला म्हणून नाचण्यात काही अर्थ नाही, तेवढी अचूकता मुळात या हिशेबात नाही.

## रोजचा फळा : कमी कष्टात

रोज सूर्योदय बघत बसायची गरज नाही. आपल्या अक्षांशावर या वेळा आठवड्याला फार तर पाच-सहा मिनिटं सरकतात. मी दर रविवारी येणाऱ्या बुधवारचा सूर्योदय-सूर्यास्त घेऊन एक ओळ काढतो आणि ती आठवडाभर वापरतो.

संगणकावर करायचं असेल तर कॅल्क्युलेटर नको, स्प्रेडशीट घ्या. तिथे वेळ वेळेच्याच रूपात टाकली तर तास-मिनिटांचा गोंधळ होत नाही. A2 मध्ये सूर्योदय, B2 मध्ये सूर्यास्त (चोवीस तासांच्या रूपात, 18:21 असा), C2 मध्ये वाराचा भाग. पहिल्या सूत्राने सुरुवात येते, दुसऱ्याने शेवट :

```
=A2+(B2-A2)/8*(C2-1)
=A2+(B2-A2)/8*C2
```

उत्तर 0.356 असं काहीतरी दिसलं तर सूत्र चुकलेलं नाही, त्या चौकटीचं रूप 'वेळ' असं करा. आणि वापरण्याआधी C2 मध्ये ८ टाकून बघा. दुसऱ्या सूत्राने सूर्यास्ताचीच वेळ दिली पाहिजे.

हल्ली काकू फळ्यापुढे थांबून आधी शुक्रवारची ओळ वाचतात. परवा तिथे चुकून १२:०४ लिहिलं गेलं होतं, ४० चा ०४ झाला होता. फडका त्यांनीच आणून दिला.